पाण्याने आखलेली गावं

गुहागरची वस्ती एका रस्त्याच्या दोन्ही अंगांनी लांबवर पसरली आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगराचा उतार आणि मध्ये वाळूचा अरुंद पट्टा. पसरायला आडवी जागाच नाही, म्हणून गाव लांब झालं. अशा वस्तीला भूगोलात रेषाकृती वस्ती म्हणतात. रस्त्याला लागून घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, अशी प्रत्येकाची जमीन चिंचोळ्या पट्टीसारखी असते.

समुद्राला इतकं खेटून राहायचं धाडस लोकांनी केलं ते गोड्या पाण्यामुळे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि हलकं असल्याने खाली झिरपलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. म्हणून थोडं खणलं की विहिरीला गोडं पाणी लागतं आणि जवळजवळ प्रत्येक वाडीला आपली विहीर असू शकते. रहाटाने बेताबेताने उपसलं तोवर हा थर टिकला. पंपाने एकदम उपसा झाला की खालचं खारं पाणी वर चढतं, पाणी मचूळ लागतं आणि पोफळी माना टाकू लागतात.

घाट चढून देशावर आलं की चित्र पालटतं. इथे पाऊस कमी आणि खाली काळा पाषाण. पूर्वी हाताने विहीर खणणं एकट्याच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून नदीकाठ आणि चार-दोन सामाईक विहिरी यांच्याभोवती सारं गाव एकवटलं. काळ्या जमिनीवर घर बांधणंही अवघड, कारण ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंती तडकतात. घरांसाठी नदीकाठचा उंचवटा किंवा मुरमाड जागा निवडली. तीच पांढरी, पिकाची जमीन ती काळी. लुटारूंच्या भीतीने गावकूस आणि वेस आली, घरं आणखी दाटली. ही केंद्रित वस्ती.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुवा भागात, भिल्लांचे पाडे मात्र विखुरलेले. सपाट जमीन तुकड्यातुकड्यांनी मिळते, झऱ्याचं पाणी थोड्याच घरांना पुरतं आणि रानडुकरांपासून पीक राखायचं तर शेतातच राहावं लागतं. घराघरात अंतर पडतं ते यामुळे.

पण कोणतीही वस्ती एका साच्यात कायमची राहत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. देशावर सुरुंगाने विहिरी खोल गेल्या, विजेचे पंप आले, लुटारूंची भीती सरली आणि गावठाणातली कुटुंबं मळ्यात राहायला गेली. बारामाही बागायतीला रात्री-अपरात्री पाणी द्यायचं, जनावरं सांभाळायची, तर तेच सोयीचं. आता अनेक गावांत दाट गावठाण आणि भोवती विखुरलेल्या वस्त्या असं दुहेरी रूप दिसतं. टंचाईत याची खरी अडचण कळते. मळ्यातली विहीर आटली की टँकर गावठाणात एका फेरीत भागवतो, वस्त्यांना मात्र तेवढंच पाणी द्यायला त्याला शेतवाटांनी घरोघर फिरावं लागतं.