पोथी वाचली, पण भाषा वाचली का?

आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात मार्गेरिटाजवळ पवईमुख नावाचे खेडे आहे. इथले खामयांग लोक थेरवादी बौद्ध आहेत. गावात विहार आहे आणि ताई लिपीतल्या जुन्या पोथ्याही आहेत. पण भाषाशास्त्रज्ञ स्टिफन मोरी यांनी या शतकाच्या सुरुवातीला इथे अभ्यास केला, तेव्हा ताई खामयांग बोलणारी जेमतेम पन्नास माणसे उरली होती आणि तीही बहुतेक वयस्क. बाकीच्या गावांतले खामयांग आसामीकडे वळले होते.

शेजारच्या दिब्रुगड जिल्ह्यात नामफाके हे गाव आहे. तिथले ताई फाके लोकही बौद्ध आहेत आणि त्यांची भाषा खामयांगची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. फाके बोलणारे दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एका मध्यम गावाएवढेच. तरीही तिची स्थिती खामयांगपेक्षा कितीतरी बरी मानली जाते, कारण फाके मुले ती घरात शिकतात.

प्रकृती कशी तपासतात?

युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने 2003 मध्ये भाषेची प्रकृती तपासण्यासाठी नऊ निकष सुचवले. बोलणाऱ्यांची संख्या हा त्यांतला एक. सर्वांत बोलका निकष मात्र एका पिढीकडून दुसरीकडे भाषा जाते का, हा आहे. सगळी मुले बोलत असतील तर पाच गुण. आईवडिलांपासून वरच्याच पिढ्या बोलत असतील तर तीन, फक्त आजीआजोबा बोलत असतील तर दोन. पणजोबांच्या पिढीतले मोजके लोक उरले की एक. कोणताही एक निकष एकट्याने पुरेसा नाही, असे हा गट स्वतःच सांगतो. म्हणून भाषा कुठे कुठे वापरली जाते आणि समाजाला ती हवी आहे का, हेही पाहावे लागते.

इथे एक चूक सहज होते. ‘तुमची भाषा कोणती?’ असे विचारले की माणूस अनेकदा आपली ओळख सांगतो, वापर नव्हे. त्यापेक्षा आजी नातवाशी कोणत्या भाषेत बोलते आणि नातू कोणत्या भाषेत उत्तर देतो, हे पाहावे. आजी खामयांगमध्ये विचारते आणि नातू आसामीत उत्तर देतो, असे दिसले तर साखळी तुटायला लागली आहे. विहारातल्या वापराचेही तसेच. आपण रोज पालीत वंदना म्हणतो, पण पालीत कोणी घरात भांडत नाही. भाषा फक्त विधीपुरती उरली, तर ती घरातून गेलेली असते.

पोथ्या का पुरत नाहीत?

याचे उत्तर आसाममध्येच आहे. ताई अहोम ही याच कुळातली भाषा एकेकाळी राजघराण्याची होती. रोजच्या बोलण्यातून ती केव्हाच गेली, तरी तिच्या पोथ्या मोठ्या संख्येने टिकल्या. अडचण अशी की या भाषांत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो आणि अहोम लिपीत तो चढउतार लिहिलाच जात नाही. ‘मा’ लिहिले असेल, तर ते कुत्रा, घोडा की ‘येणे’, हे अक्षरांवरून कळत नाही. संदर्भ आणि फाकेसारख्या जिवंत भगिनीभाषांशी तुलना, यांवरून अर्थ लावावा लागतो. अहोमचा मूळ उच्चार आज कोणीच खात्रीने सांगू शकत नाही.

मग नोंदवायचे काय?

शब्दांची यादी आणि पोथ्यांचे फोटो एवढ्यावर थांबू नये. पोथी जाणकाराकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि प्रत्येक ओळीचा अर्थ त्याच्याच भाषेत सांगायला लावावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दोन-तीन माणसांच्या आपसातल्या गप्पांचे चित्रण करावे. प्रश्न कसा विचारतात, नकार कसा देतात, थट्टा कशी करतात, हे पोथीत सापडत नाही आणि एकट्या माणसाला शब्द विचारूनही मिळत नाही.

ध्वनी दाबून लहान न केलेल्या वेव्ह फाइलमध्ये ठेवावा. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत कोण बोलले, कुठे, कधी आणि त्यांनी कोणत्या वापराला संमती दिली, हे लिहावे. मग ऐकून उच्चार, शब्दशः अर्थ आणि पूर्ण वाक्याचा अर्थ अशा तीन ओळी लिहाव्यात. हे सर्वांत वेळखाऊ काम आहे. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला कित्येक दिवस जातात, म्हणून शंभर तास गोळा करून कपाटात ठेवण्यापेक्षा दहा तास पूर्ण लिहून काढलेले बरे. ते बोलणाऱ्यांसोबत बसूनच करावे, कारण त्यांच्यानंतर ‘मा’ म्हणजे नेमके काय, हे विचारायला कोणी उरणार नाही. आणि सगळ्याची एक प्रत त्याच गावात, विहारात ठेवावी. ती ऐकण्याचा पहिला हक्क तिथल्या मुलांचा आहे.