बहुस्पर्धक शर्यतींतील ओव्हरराउंड

बुकमेकरच्या भावांतून निघणाऱ्या संभाव्यतांची बेरीज शंभर टक्क्यांहून जितकी अधिक भरते, त्या आधिक्यास ओव्हरराउंड म्हणतात. दोन तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांवर 11 पौंडांस 10 पौंड नफा असा भाव असल्यास प्रत्येकाची संभाव्यता 52.4 टक्के होते. आधिक्य सुमारे 4.8 टक्के.

इंग्लंडच्या ग्रँड नॅशनल शर्यतीत 2024 पासून कमाल 34 घोडे धावतात. त्यांपैकी 20 दुर्बल घोड्यांची खरी संभाव्यता प्रत्येकी अर्धा टक्का आहे असे समजू. न्याय्य भाव एकास 199. पण बुकमेकर एकास 100 देतो. त्यामुळे प्रत्येकामागे 0.49, आणि विसांमागे 9.8 टक्के आधिक्य साठते.

ही कपात सावधगिरीची आहे. अर्ध्या टक्क्याची चूक तुल्यबळ सामन्यात नगण्य ठरते. येथे मात्र ती खरी संभाव्यता दुप्पट करते. शिवाय तबेल्यातील गुपित जाणणारा नेमका अशाच घोड्यावर पैसे लावील. 2009 साली मॉन मोम एकास 100 या भावाने जिंकलाच होता.

तथापि ओव्हरराउंड म्हणजे नफा नव्हे. पणाच्या रकमा भावांतून निघणाऱ्या संभाव्यतांच्या प्रमाणात विभागल्या गेल्या, तरच तो पूर्णपणे हाती येतो. म्हणून दोन बाजारांची तुलना करताना एकूण आधिक्यापेक्षा दर स्पर्धकामागील आधिक्य पाहणे इष्ट होय.