बारा विजय, तरी सहावे

प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात पुणेरी पलटणने २२ पैकी १२ सामने जिंकले, पण साखळी संपली तेव्हा संघ सहावा होता. १० सामने जिंकलेला यूपी योद्धा तिसरा, १० जिंकलेला गुजरात जायंट्स चौथा. भवानीनगरला चहाच्या टपरीवर एका पोरानं मोबाइलवर हा गुणतक्ता माझ्यापुढे धरला. "काका, बारा जिंकलेत की आपल्यांनी! मग सहावे कसे?" आसपासच्या स्पर्धांचे तक्ते मी मांडतो, म्हणून असले वाद फिरून माझ्याकडेच येतात.

उत्तर लीगच्या नियमात होतं. विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलात तर १. पलटणला १२ विजयांचे ६०, एका बरोबरीचे ३ आणि निसटत्या पराभवांचे ३ असे ६६ गुण मिळाले. यूपीला विजयांचे ५० मिळाले, पण तीन बरोबऱ्यांचे ९ आणि पराभवांचे आणखी ९ धरून बेरीज ६८ वर गेली. म्हणजे यूपीचा संघ नऊ वेळा हरला आणि नऊच्या नऊ वेळा सात गुणांच्या आतच हरला. पलटणही नऊ वेळा हरली, पण त्यातले सहा पराभव दणकून होते.

पोराचं समाधान झालं नाही. "हरल्याचे कसले गुण? बरोबरी म्हणजे अर्धा विजय, बास." मला त्याचं म्हणणं आवडलं. मग टपरीवरच्याच कागदावर आम्ही सगळा तक्ता नव्यानं मांडला.

रीत सोपी आहे. विजयात बरोबऱ्यांची निम्मी संख्या मिळवायची आणि खेळलेल्या सामन्यांनी भागायचं. पलटणचे १२ विजय, १ बरोबरी. म्हणजे साडेबारा भागिले २२, ५६.८ टक्के. पाटण्याचे साडेसोळा, दिल्लीचे १४, आणि तिसऱ्या जागी थेट पुणे. गुजरात आणि बंगळुरू प्रत्येकी १२. त्यांच्याखाली यूपी आणि हरियाणा, दोघांचे साडेअकरा.

या हिशेबाला स्वतःचा ताळा आहे, म्हणूनच मला तो विश्वासाचा वाटतो. प्रत्येक सामन्यातून बरोबर एक विजय बाहेर पडतो. एकाला पूर्ण जातो नाहीतर दोघांत अर्धा-अर्धा वाटला जातो. त्यामुळे भागण्याआधीच्या स्तंभाची बेरीज सामन्यांच्या संख्येइतकीच यायला हवी. त्या हंगामात १२ संघांचे मिळून १३२ साखळी सामने झाले. आमच्या कागदावर ११३ विजय आणि ३८ बरोबऱ्यांचे निम्मे १९ मिळून १३२ आले. अर्धा जरी इकडे-तिकडे झाला असता तरी कुठल्यातरी ओळीत एका संघाची बरोबरी मांडली आणि दुसऱ्याची राहिली, हे लगेच कळलं असतं. गावच्या तक्त्यात नेमकं हेच घडतं, कारण निकाल आणून देणारा माणूस आपल्या संघाचा तेवढा सांगतो.

लीगच्या त्या गुणांना असा ताळा नव्हता. मोठ्या फरकानं निकाल लागला तर सामन्यातून ५ गुण वाटले जायचे, निसटता लागला किंवा बरोबरी झाली तर ६. सामन्याची किंमतच सामन्यागणिक बदलायची.

बरोबरी अर्धी का धरायची, शून्य का नाही, हा प्रश्न त्याच कागदावर सुटला. दिल्लीचेही विजय १२ आणि पुण्याचेही १२. नुसते विजय भागिले सामने केले तर दोघेही ५४.५ टक्क्यांवर येतात. पण दिल्ली सहा वेळा हरली होती आणि पुणे नऊ वेळा. दिल्लीच्या चार बरोबऱ्या कुठंच दिसत नाहीत. उलट बरोबऱ्या हिशेबातून काढूनच टाकल्या तर दिल्ली १८ पैकी १२, म्हणजे ६६.७ टक्के होते. चार सामने खेळलेच नाहीत असं म्हणायचं. अर्धा विजय धरला की ६३.६ येतात, या दोन्हींच्या मध्ये. अमेरिकेतल्या एनएफएल फुटबॉलमध्ये १९७२ पर्यंत बरोबऱ्या अशाच काढून टाकत. त्या वर्षापासून अर्धा विजय, अर्धा पराभव धरू लागले. बुद्धिबळात तर हा अर्धा गुण मुरलेलाच आहे. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत मात्र विजयाला १२ आणि अनिर्णित सामन्याला ४, म्हणजे एक तृतीयांशच. पाच दिवस खेळून निकाल लावला नाही याची ती शिक्षाच म्हणायची.

टक्केवारीची खरी गरज सामने सारखे नसतात तेव्हा पडते. प्रो कबड्डीच्या त्या हंगामात सगळे २२ खेळले, तिथं साडेबारा आणि बारा एवढंही पुरलं असतं. आमच्याकडे कुणाची कारखान्यात पाळी असते, कुणाच्या मैदानात पाणी साचतं, आणि एक संघ नऊ सामने खेळलेला असतो तर दुसरा सात. पहिल्याचे ५ विजय, २ बरोबऱ्या: नवातले सहा, ६६.७ टक्के. दुसऱ्याचे ५ विजय, बरोबरी नाही: सातातले पाच, ७१.४ टक्के. नुसती बेरीज पाहिली तर पहिला पुढे, टक्केवारीनं दुसरा.

एक्सेलमध्ये विजय B, बरोबरी C आणि पराभव D स्तंभात असतील तर सूत्र एवढंच:

```
=(B2+C2/2)/(B2+C2+D2)
```

खाली ठरलेले सामने न घालता झालेले सामने घालायचे, हे त्यातलं महत्त्वाचं. ठरलेले घातले तर ज्याचे सामने उरलेत त्याचे ते सगळे आधीच हरल्यासारखे धरले जातात. एकही सामना न झालेल्या संघासमोर #DIV/0! दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ती जागा रिकामी सोडायची. आणि एकच सामना जिंकून १०० टक्क्यांवर बसलेल्या संघाला पहिला म्हणायचं नाही. किमान किती सामने झाल्यावर क्रमांक धरायचा हे स्पर्धेआधी ठरवून घ्यावं. नंतर ठरवलं की भांडण होतं.

आता अर्ध्या विजयाची उणीव. यूपी आणि हरियाणा दोघांचेही १० विजय, ९ पराभव, ३ बरोबऱ्या. टक्केवारी ५२.३, दोघांचीही. लीगच्या गुणांत मात्र यूपी ६८ वर तिसरा आणि हरियाणा ६४ वर सातवा, म्हणजे बाद फेरीबाहेर. ते चार गुण फक्त निसटत्या पराभवांचे. आमच्या हिशेबात हरलेला सामना हरलेलाच, एका गुणानं की वीस गुणांनी हे त्याला दिसत नाही. म्हणून टक्केवारी सारखी आली तर पुढं काय पाहायचं, एकमेकांतले सामने की एकूण गुणफरक, हे नियमपत्रात लिहावंच लागतं.

पोराला शेवटी एक गोष्ट सांगितली. आमच्या तक्त्यात पुणे तिसरं आलं, आणि सहाव्या जागेसाठी यूपीनं हरियाणाला मागं टाकलं असतं तर एलिमिनेटरमध्ये तिसरा विरुद्ध सहावा म्हणून पुण्यासमोर पुन्हा यूपीच उभा राहिला असता. प्रत्यक्षात तेच दोघे भिडले आणि यूपी ४२-३१ नं जिंकला. "म्हणजे हिशेब बदलून पण हरलोच असतो?" तो म्हणाला. ते तक्त्यात सापडत नाही, म्हटलं.

२०२५ च्या बाराव्या हंगामात लीगनं ही सगळी भानगडच काढून टाकली. विजयाला २ गुण, पराभवाला काही नाही, आणि सामना बरोबरीत सुटला तर टायब्रेकर, त्यातही बरोबरी झाली तर गोल्डन रेड. तिथं C स्तंभात आता सगळी शून्यंच येतात. आमच्याकडे अंधार पडला की सामना बरोबरीतच सुटतो, त्यामुळे तो स्तंभ अजून लागतो.