बत्तीस घरे सरकवा म्हटले, तर?

गूगलच्या ‘नेटिव्ह क्लायंट’ या प्रकल्पाला एक अवघड गोष्ट साधायची होती. अनोळखी माणसाने लिहिलेला, थेट प्रोसेसरवर धावणारा प्रोग्रॅम क्रोम ब्राउझरमध्ये चालवायचा, पण त्याला कुंपणाबाहेर पडू द्यायचे नाही. x86 प्रोसेसरच्या सूचना लांबीने कमीजास्त असतात. एखाद्या सूचनेच्या मध्येच उडी मारली, तर तेच बाइट भलतीच सूचना म्हणून वाचले जातात आणि आधी केलेली तपासणी वाया जाते. म्हणून चालू असताना ठरणारी उडी ३२ च्या पटीतल्या पत्त्यावरच पडली पाहिजे, असा नियम होता. पत्त्याचे शेवटचे पाच बिट शून्य केले की काम झाले.

पुढे कोडची साफसफाई करताना हे करणारी ओळ बदलली. नावे सोपी करून दाखवायची, तर आधीची आणि नंतरची ओळ अशी:

```c
addr & ~(align - 1)
addr & ~((1 << align) - 1)
```

`align` ची किंमत ३२ होती. पहिल्या ओळीत ३२ मधून १ वजा होऊन ३१ उरतात, म्हणजे शेवटचे पाच बिट. ते पुसले जातात. `0x1003` हा पत्ता `0x1000` होतो. दुसरी ओळ लिहिणाऱ्याने `align` मध्ये ५ असेल असे धरले होते. १ पाच घरे डावीकडे सरकवला की ३२ मिळतात. प्रत्यक्षात मात्र ३२ बिटांच्या संख्येत १ हा ३२ घरे सरकवला गेला.

एवढी घरेच तिथे नाहीत, मग उत्तर शून्य यावे, असे कुणालाही वाटेल. x86 तसे करत नाही. ३२ बिटांची संख्या सरकवताना तो सांगितलेल्या आकड्याचे फक्त शेवटचे पाच बिट पाहतो. ३२ चे शेवटचे पाच बिट शून्य, म्हणून तो काहीच सरकवत नाही आणि १ तसाच राहतो. त्यातून १ गेला, शून्य उरले, आणि पुसायला एकही बिट राहिला नाही. `0x1003` तसाच पुढे गेला. कुंपणाचे दार सताड उघडे, आणि प्रोग्रॅम मात्र सुरळीत चालू! या बदलासाठी चार परीक्षकांची नावे नोंदलेली होती. कुणाच्याही ते लक्षात आले नाही.

३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर हाच हिशेब वेगळा होतो. तो सरकवण्याच्या आकड्याचा अख्खा बाइट वाचतो, त्यामुळे उत्तर खरोखर शून्य येते. मग शून्यातून १ वजा, सगळे बिट १, आणि पत्ता पूर्ण पुसला जातो. प्रोग्रॅम तिथेच कोसळला असता आणि चूक ताबडतोब सापडली असती. इंटेलच्या घराण्यातही एकमत नाही: मूळ ८०८६ आकडा पूर्ण वाचत असे, ही पाच बिटांची काटछाट २८६ पासून तरी आहेच.

सी भाषेच्या मानकाने हात झटकले ते याच कारणाने. एक उत्तर सक्तीचे केले असते, तर ज्या प्रोसेसरला ते जमत नाही त्याच्यावर प्रत्येक वेळी जादा तपासणीचा बोजा पडला असता. म्हणून सरकवण्याचा आकडा ऋण असेल, किंवा संख्येच्या रुंदीएवढा अथवा त्याहून मोठा असेल, तर वर्तन अव्याख्यात. याचा अर्थ ‘प्रोसेसर देईल ते उत्तर’ असाही नाही. असे कधी घडणारच नाही, असे गृहीत धरायची कंपायलरला मुभा आहे. `1 << n` केल्यानंतर तुम्ही `n` हा ३२ पेक्षा लहान आहे का असे विचारलेत, तर तो प्रश्नच कंपायलर काढून टाकू शकतो. तपासणी आधी हवी.

आकडा कोडमध्ये थेट लिहिलेला असेल, तर कंपायलर सहसा इशारा देतो. तो चालताना ठरत असेल, तर जीसीसी किंवा क्लँगला `-fsanitize=shift` द्यावे लागते. मग चूक घडताच ओळ येते:

```
runtime error: shift exponent 32 is too large for 32-bit type 'int'
```

ऋण संख्या उजवीकडे सरकवणे हे प्रकरण त्या मानाने सौम्य. पुष्कळजण तेही अव्याख्यात समजतात, पण तसे नाही. इथे उत्तर कंपायलरने ठरवायचे असते आणि ते त्याच्या माहितीपत्रकात लिहून ठेवायचे असते. जीसीसी डावीकडच्या रिकाम्या घरात चिन्हाचाच बिट भरतो, म्हणून `-7 >> 1` चे उत्तर -४ येते. `-7 / 2` मात्र -३, कारण भागाकार शून्याच्या दिशेने तुटतो. भागाकाराच्या जागी घाईने शिफ्ट लिहिणारा इथे फसतो. रिकाम्या घरात शून्य भरणारा एखादा कंपायलर त्याच -७ चे २१४७४८३६४४ करील, आणि मानकाच्या दृष्टीने तोही बरोबरच. ‘संख्या शून्य होईपर्यंत उजवीकडे सरकवत राहा’ असा लूप जीसीसीवर -१ ला संपतच नाही, कारण -१ कितीही सरकवला तरी -१ च राहतो. बिटांशी खेळायचे असेल, तर संख्या `unsigned` घ्यावी.

सी++ ने २०२० च्या मानकात चिन्हाचा बिट भरण्याची पद्धत सक्तीची केली. सीच्या २०२३ च्या मानकाने ऋण संख्या साठवायची रीत एकच ठेवली, उजवीकडे सरकवण्याचा निर्णय मात्र अजूनही कंपायलरकडेच आहे.