ब्लाउजचे दर फोनवर लावताना

लेडीज टेलरच्या दुकानात भिंतीवर दरपत्रक असतं. साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट, पॅडेड, फॉल-पिको, अल्टर, पायपिंग अशा वीस-पंचवीस ओळी एकाखाली एक असतात. ते कुणी पूर्ण वाचत नाही आणि तरी काही अडत नाही, कारण टेबलापलीकडे टेलर उभ्या असतात. कापड हातात घेऊन त्या पहिलं विचारतात, ‘अस्तर लावायचं ना?’ मग गळा, मग बाही, मग कधी हवाय. चार प्रश्नांत दर ठरतो.

हल्ली त्याच भिंतीचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला जातो. तिथे समजावून सांगायला कुणी नसतं. पंचवीस ओळी बोटभर जागेत येतात, आणि गिऱ्हाईक खाली लिहितं, ‘ताई, ब्लाउजचे किती?’ एकामागून एक सरकवायची चित्रं, म्हणजे कॅरूसेल, इथे कामी येतं. पण त्या पंचवीस ओळी पाच चित्रांत वाटून टाकल्या तर गोंधळ तेवढाच राहतो. टेबलावर जे बोलणं होतं, ते त्याच क्रमाने पानांवर उतरलं पाहिजे.

एक दुकान कल्पनेने घेऊ. आकडे उदाहरणापुरते आहेत, दर गावागावाला वेगळे असतात. साधा ब्लाउज २५० रुपये, अस्तराचा ४५०, पॅडेड ८५०. भिंतीवरच्या बाकीच्या ओळी बारकाईने पाहिल्या तर त्या या तिघांवर चढणाऱ्या जादा गोष्टी आहेत. पायपिंगचे ६०, पाठीला नाडी-लटकनचे ९०, अर्जंटचे १५०. हे एकदा लक्षात आलं की पानं आपोआप पडतात. पहिल्या पानावर ‘ब्लाउज शिलाई, २५० ते ८५०’ एवढंच आणि स्वतः शिवलेल्या ब्लाउजचा एक स्पष्ट फोटो. दुसऱ्यावर तिन्ही प्रकार आणि त्यांचे दर. मग प्रत्येक प्रकाराला एक पान. सहावं जादा कामांचं. सातव्यावर एक पूर्ण हिशोब.

दर पहिल्याच पानावर द्यावा की नाही, यावर दुकानदार अडखळतात. आकडा पाहून गिऱ्हाईक पळेल, ही भीती असते. माझ्या मते तो पहिल्या पानावरच हवा. ज्यांना ८५० परवडत नाहीत त्यांना २५० दिसतात, आणि ज्यांना दोन्ही जास्त वाटतात त्यांना सहा पानं सरकवायला लावून काही मिळत नाही.

खरं कौशल्य लागतं ते तीन प्रकारांच्या पानांना. ‘सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम’ अशी नावं देऊ नयेत. त्यातून ब्लाउजमध्ये काय आहे ते कळत नाही. साधा, अस्तराचा, पॅडेड हे शब्द बायकांच्या तोंडी आहेतच. प्रत्येक पानावर सांगायचं ते दरात काय धरलंय आणि काय नाही. टेलरच्या दुकानातले बहुतेक वाद इथेच होतात. ‘अस्तराचा ब्लाउज ४५०’ एवढंच लिहिलं, तर अस्तराचं कापड दुकानाचं की गिऱ्हाइकाचं? ती बाई धरून चालते की दुकानाचं. घ्यायला येते तेव्हा बिलात कापडाचे वेगळे पैसे दिसतात. म्हणून पानावर लिहावं: ‘सुती अस्तर धरून. अस्तर आधी पाण्यातून काढलेलं. आत १ इंच माया.’ मधलं वाक्य महत्त्वाचं आहे. सुती अस्तर न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचं रेशीम तेवढं आटत नाही, आणि शिवणीपाशी चुण्या पडतात. स्वस्तात शिवणाऱ्या ठिकाणी हीच पायरी गाळली जाते. दोनशे रुपये जास्त कशाचे, याचं उत्तर त्या एका ओळीत मिळतं. मायेचंही तसंच. पुढच्या वर्षी अंगाने भरल्यावर ब्लाउज उसवून सैल करता येईल की नाही, ते मायेवर ठरतं.

पॅडेडच्या पानावर हे सगळं पुन्हा लिहायचं नाही. ‘अस्तराच्या ब्लाउजमधलं सगळं, शिवाय कप’ एवढं पुरे. पायरी चढताना नवीन काय मिळतं तेवढंच डोळ्यांत भरलं पाहिजे.

एका पानावर किती ओळी मावतात, हे मोजून ठरवता येतं. इन्स्टाग्रामचं उभं चित्र १०८० पिक्सेल रुंद आणि १३५० उंच करतात. फोनची पाटी साधारण साडेसहा सेंटिमीटर रुंद धरली, तर ५६ पिक्सेलचं अक्षर सुमारे साडेतीन मिलिमीटरचं होतं, म्हणजे वर्तमानपत्रातल्या मजकुराएवढं. त्याहून बारीक केलं की चाळिशी लागलेल्या बाईला फोन लांब धरावा लागतो. मराठीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे ओळींत अंतरही जास्त लागतं; ओळीला ११० पिक्सेल धरावेत. मथळा आणि कडेची जागा वगळली की आठ ओळी कशाबशा बसतात, सुखाने वाचता येतात त्या पाच-सहा. सातवी ओळ सुचली तर ती दुसऱ्या पानाची समजावी. डाव्या-उजव्या कडेला मजकूर भिडवू नये. प्रोफाइलवरच्या छोट्या चौकटीत कडा थोड्या कापल्या जातात.

‘पासून’ हा शब्द जपून वापरावा. ‘आरी वर्क १५०० पासून’ वाचून बाई पंधराशे घेऊन येते आणि तिच्या मनातलं नक्षीकाम निघतं चार हजारांचं. तिथे दोन खऱ्या ब्लाउजचे फोटो द्यावेत, एक नुसत्या बाहीच्या काठाचा आणि एक भरगच्च पाठीचा, आणि ज्याचे जेवढे घेतले तेवढा आकडा त्याखाली. सलूनमध्ये ही अडचण केसांच्या लांबीची असते. ‘लांब केस’ म्हणजे कुणाला खांद्यापर्यंत, कुणाला कमरेपर्यंत. पाठमोऱ्या आकृतीवर तीन रेघा मारून प्रत्येकीसमोर रंगाचा दर लिहिला की प्रश्न मिटतो.

सातव्या पानावरचा हिशोब असा: ‘पैठणीवरचा ब्लाउज. अस्तराचा ४५०, पायपिंग ६०, नाडी-लटकन ९०. एकूण ६००. आठ दिवसांत. तीन दिवसांत हवा असल्यास ७५०.’ जादा कामांची यादी वाचून जे डोक्यात बसत नाही, ते या पाच आकड्यांत बसतं. स्वतःच्या साडीचा हिशोब बाई मग घरीच करते.

बायका बहुतेकदा अख्खी पोस्ट पाठवत नाहीत. हव्या त्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन तो बहिणीला व्हॉट्सॲपवर धाडतात. त्यामुळे दुकानाचं नाव आणि ‘दर जून २०२५ पासून’ असा महिना प्रत्येक पानाच्या तळाशी हवा. नाहीतर दोन वर्षांपूर्वीचं सुटं पान घेऊन कुणी लग्नसराईत उभं राहतं आणि दोघांनाही राग येतो. दर बदलले की नवी पोस्ट टाकावी, ती प्रोफाइलच्या वर पिन करावी आणि जुनी काढून घ्यावी. टाकलेल्या पोस्टखालचा मजकूर बदलता येतो, चित्रातला आकडा बदलत नाही. खाली नवा दर आणि चित्रात जुना, हे सर्वांत वाईट.

पोस्ट जमली की नाही, हे तिला किती लाइक आले त्यावरून कळत नाही. त्यानंतर कोणते प्रश्न येतात ते पाहावं. ‘किती?’ अजून येत असेल तर पहिलं पान चुकलंय. ‘अस्तर धरून का?’ येत असेल तर चौथं. ‘माझ्याकडे सव्वा मीटर कापड आहे, पफ बाही होईल का?’ असं कुणी विचारू लागलं, तर ती बाई दर पाहून ठरवूनच आली आहे.