गजबजलेल्या इमारतीतील वाय-फाय : चॅनेल आणि रुंदीची निवड

सामायिक हवा

सात-आठ मजल्यांच्या, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका असलेल्या इमारतीत आज जवळपास प्रत्येक घरात एक राउटर असतो. प्रत्येक घराचा पासवर्ड वेगळा असला तरी ज्या रेडिओलहरींवरून माहिती जाते त्या सर्वांच्या एकच असतात. भारतात घरगुती वाय-फायसाठी या लहरींचे दोन पट्टे प्रामुख्याने वापरले जातात. एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिल्या पट्ट्याच्या लहरी भिंतींतून अधिक सहज जातात, पण तेथे जागा थोडी. दुसऱ्यात जागा भरपूर, पण सिमेंट-काँक्रीटची एखादी भिंतही त्याला चांगलीच अडवते. दाट वस्तीत हे अडवले जाणे उपयोगी ठरते, कारण शेजाऱ्याच्या लहरीही भिंतीपलीकडेच बऱ्याचशा विरतात.

आधी ऐकणे, मग बोलणे

वाय-फायच्या सर्व उपकरणांना एक नियम पाळावा लागतो. पाठवण्यापूर्वी चॅनेल मोकळे आहे का, हे ऐकायचे. दुसरे कोणी पाठवत असेल तर थांबायचे. मग एक छोटा, यादृच्छिक विराम घेऊन पुन्हा प्रयत्न करायचा. दुसऱ्याचा संदेश वाय-फायचाच आहे हे ओळखता आले तर सुमारे उणे ८२ डीबीएम इतक्या क्षीण लहरीलाही मान दिला जातो. ओळखता आला नाही तर लहर सुमारे उणे ६२ डीबीएमपेक्षा प्रबळ असेल तेव्हाच उपकरण थांबते. (या मोजपट्टीवर दहाचा फरक म्हणजे शक्तीत दसपट फरक, उणे ५० प्रबळ, उणे ८५ अगदी क्षीण.) या दोन उंबरठ्यांमधील शंभरपट अंतर लक्षात घेतले, की चॅनेल निवडीचे बहुतेक नियम आपोआप समजतात.

एकाच चॅनेलवरील दोन घरे एकमेकांचे संदेश ओळखतात आणि आळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण संदेश सहसा वाया जात नाहीत. अर्धवट एकमेकांवर आलेल्या चॅनेलांवरील घरांना मात्र दुसऱ्याचा संदेश हा केवळ गोंगाट वाटतो. दोघेही एकाच वेळी बोलतात, संदेश बिघडतात आणि पुन्हा पाठवावे लागतात. म्हणून शेजाऱ्याच्या अगदी त्याच चॅनेलवर बसणे हे त्याच्या चॅनेलवर अर्धे चढून बसण्यापेक्षा बरे.

१, ६ आणि ११

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेलांना १ ते १३ असे क्रमांक आहेत, पण दोन लगतच्या क्रमांकांत अंतर केवळ ५ मेगाहर्ट्झचे. एका जाळ्याला मात्र किमान २० मेगाहर्ट्झ जागा लागते. त्यामुळे एकमेकांना न स्पर्शणारी चॅनेले तीनच उरतात : १, ६ आणि ११. यादीत ३ किंवा ८ वर कोणीच दिसत नाही म्हणून ते ‘रिकामे’ समजणे ही नेहमीची चूक आहे. ३ वर बसलेला राउटर १ आणि ६ या दोन्हींवरील घरांना त्रास देतो आणि दोन्हींकडून त्रास घेतो.

या पट्ट्यावर आणखी एक ओझे आहे. प्रत्येक राउटर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपले नाव घोषित करतो. जुन्या उपकरणांनाही ऐकू यावे म्हणून ही घोषणा पुष्कळदा सर्वांत संथ, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने होते आणि प्रत्येक वेळी दोन-अडीच मिलिसेकंद हवा अडवते. एका चॅनेलवर असे दहा राउटर असतील, तर कोणीही काहीही डाउनलोड करत नसताना सुमारे पाव वेळ घोषणांतच जातो. पाहुण्यांसाठी वेगळे नाव चालू ठेवले, तर त्याच राउटरची घोषणा दुप्पट होते. म्हणून त्याची गरज नसेल तेव्हा ते बंद ठेवणे योग्य. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात आणि ओव्हन तर वाय-फायचा नियम पाळत नाही.

रुंदीचा हिशेब

रुंदी म्हणजे एका वेळी व्यापलेली लहरींची जागा : २०, ४०, ८० किंवा १६० मेगाहर्ट्झ. रुंदी दुप्पट केली की कागदावरचा वेग साधारण दुप्पट होतो. याची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. राउटरची शक्ती तेवढीच राहून दुप्पट जागेत पसरते, त्यामुळे गोंगाटाच्या तुलनेत संदेश ३ डेसिबलने क्षीण होतो. २० वरून ८० वर गेल्यास हा तोटा ६ डेसिबल होतो आणि तो सर्वांत आधी दूरच्या खोलीत जाणवतो. दुसरी किंमत अधिक मोठी आहे. जागा जितकी रुंद, तितके तिच्यात अधिक शेजारी येतात. पूर्ण जागा मोकळी नसेल तर नव्या पिढीचे राउटर त्या क्षणापुरते अरुंद होऊन पाठवू शकतात, पण त्यासाठी त्यांचे मुख्य चॅनेल तरी मोकळे असावे लागते.

२.४ च्या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झ निवडणे म्हणजे तीनपैकी दोन जागा अडवणे. इमारतीत ते कधीही करू नये. सेटिंगमध्ये `20/40 MHz` किंवा `Auto` ऐवजी स्पष्टपणे `20 MHz` ठेवावे. ५ च्या पट्ट्यात दाट इमारतीसाठी ४० ही सुरुवातीची योग्य रुंदी होय. तेथेही गर्दी असेल तर २०, आणि शेजारी खरोखर विरळ असतील तरच ८०. १६० ला फ्लॅटच्या इमारतीत क्वचितच जागा असते.

५ गिगाहर्ट्झचे नकाशे

या पट्ट्यात २० मेगाहर्ट्झची चॅनेले एकमेकांवर येत नाहीत. त्यांचे क्रमांक चारच्या अंतराने वाढतात. बहुतेक राउटरांवर दोन गट सहज मिळतात : ३६, ४०, ४४, ४८ आणि १४९, १५३, १५७, १६१. प्रत्येक गट ८० मेगाहर्ट्झचा. म्हणजे ८० वर चालवल्यास येथे दोनच घरे स्वतंत्र बसतात, ४० वर चार आणि २० वर आठ. पुष्कळ राउटर कारखान्यातून ८० वर लावून येतात, तेव्हा एवढी प्रशस्त जागाही दोन खोल्यांची होते.

५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ही मधली चॅनेले रडारांशी वाटून घ्यावी लागतात. तेथे सुरू होण्यापूर्वी राउटर साधारण एक मिनिट नुसते ऐकतो. रडार आढळल्यास दहा सेकंदांत चॅनेल सोडतो आणि अर्धा तास परतत नाही. यामुळे अनेक घरे तिकडे फिरकत नाहीत आणि नेमकी तीच जागा मोकळी असते. विमानतळ किंवा हवामान रडार जवळ असेल तर मात्र जोडणी अधूनमधून तुटते. काही जुने टीव्ही आणि कॅमेरे ही चॅनेले पाहूच शकत नाहीत, हेही तपासावे लागते.

मोजणी

मोजणी जेथे वाय-फाय वापरले जाते त्या खोलीत करावी. राउटरला ऐकू न येणारा शेजारी पलंगावरच्या फोनला स्पष्ट ऐकू येऊ शकतो. वेळ रात्री नऊची असावी, कारण दुपारी इमारत शांत असते. राउटरची स्वयंचलित निवड इथेच फसते. अनेक राउटर चालू होतानाच काय ते पाहतात आणि त्या वेळचा निर्णय आठवडेच्या आठवडे चालवतात. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय विश्लेषकाची अॅप मिळतात. विंडोजवर पुढील आज्ञा ढोबळ यादी देते :

```
netsh wlan show networks mode=bssid
```

यादीतील नावांची संख्या फसवी असते. उणे ८५ च्या खालची दहा नावे उणे ६० च्या एका नावापेक्षा कमी त्रासदायक असतात. शिवाय उणे ६० चा शेजारी दिवसभर नुसता दिसत असेल आणि काही पाठवत नसेल, तर त्याचाही त्रास थोडाच. काही अॅप चॅनेलचा व्याप टक्क्यांत दाखवतात. ते मिळाल्यास सर्वांत विश्वसनीय.

एक उदाहरण

एका सदनिकेत रात्री मागच्या खोलीत व्हिडिओ अडखळतो. जोडणी १०० मेगाबिटची आहे. राउटर ५ गिगाहर्ट्झवर ८० रुंदीत, ३६ वर आहे. पहिला प्रश्न असा, की दोष वाय-फायचा आहे की बाहेरच्या जोडणीचा. त्यासाठी लॅपटॉपवरून इंटरनेटला नव्हे, तर राउटरलाच साद घालावी :

```
ping -n 50 192.168.1.1
```

(राउटरचा पत्ता वेगळा असल्यास तो घालावा.) सकाळी उत्तर २ ते ५ मिलिसेकंदांत येत होते, रात्री ते मध्येच १५० वर उडते. तारेने जोडलेल्या संगणकावर ते १ च्या खालीच आहे. म्हणजे अडथळा हवेतला आहे.

मोजणीत ३६ ते ४८ च्या गटात सहा जाळी उणे ७८ पेक्षा प्रबळ दिसतात आणि सर्व ८० रुंदीची. १४९ च्या गटात एक जाळे १४९-१५३ वर ४० रुंदीत, उणे ६२ इतके प्रबळ; दुसरे ८० रुंदीचे, पण उणे ८६ वर. पहिल्या गटात वेग सातांत वाटला जातो. दुसऱ्या गटात ८० निवडल्यास प्रबळ शेजाऱ्याशी अर्ध्या जागेत टक्कर होते. १५७-१६१ वर ४० रुंदी मात्र जवळपास मोकळी आहे.

बदलाने कागदावरचा वेग घटतो. वाय-फाय ५ पिढीच्या, दोन प्रवाहांच्या फोनला ८० वर ८६७ मेगाबिट मिळू शकतात, ४० वर ४००. प्रत्यक्षात त्याचा अर्धा धरला तरी २०० उरतात आणि बाहेरून येणारे १०० त्यात मावतात. त्यातच अर्ध्या रुंदीमुळे मागच्या खोलीत ३ डेसिबल परत मिळतात. रात्रीच्या पुन्हा केलेल्या पिंगमध्ये उड्या कमी झाल्या तर निवड योग्य होती. तशाच राहिल्या तर ५२ च्या पुढची चॅनेले तपासावीत.

टाळता न येणारी भेट

कधी मोकळी जागा मिळतच नाही आणि शेजाऱ्याच्याच ८० च्या गटात बसावे लागते. अशा वेळी मुख्य चॅनेल त्याचेच ठेवावे. शेजारी मुख्य चॅनेल १४९ वापरत असेल तर आपणही १४९, १५७ नव्हे. राउटर मुख्य चॅनेलवर क्षीण संदेशही ओळखतो, उरलेल्या जागेत त्याचे कान तुलनेने बधिर असतात. मुख्य चॅनेले वेगळी असली की दोघेही एकमेकांना पुरेसे न ऐकता बोलू लागतात.

मर्यादा

ही निवड कायमची नसते. वरच्या मजल्यावरचा स्वयंचलित राउटर एखाद्या वेळी वीज खंडित झाल्यानंतर तेथेच येऊन बसू शकतो, म्हणून त्रास परतला की मोजणीही परत करावी लागते. दोन खांबांआडची खोली चॅनेल बदलून जवळ येत नाही. त्यासाठी राउटर घराच्या मध्याकडे सरकवणे किंवा तार ओढणे हाच उपाय आहे. हवेतूनच जोडलेले मेश संच एकच संदेश पुष्कळदा दोनदा पाठवतात, त्यामुळे गर्दीत भर पडते. त्यांना आपसांत तारेने जोडल्यास ती टळते. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक ही न हलणारी उपकरणे तारेवर गेली, तर तेवढी हवा फोनला आणि शेजाऱ्यांनाही मोकळी होते.