दोन पीपीटी, एक रूपरेषा : काही वर्षांचा मागोवा

चाकण पट्ट्यातल्या, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात दर तिमाहीला आढावा बैठक होते. बैठकीसाठी सेल्स आणि डिस्पॅच हे दोन विभाग आपापली पीपीटी बनवतात. त्या दोन्हींची मिळून एक पीपीटी तयार करण्याचं काम २०१२च्या सुमारास माझ्याकडे आलं आणि गेल्या वर्षापर्यंत माझ्याकडे राहिलं. काम पुढे सोपवताना जुन्या फायली पुन्हा उघडल्या. एकीकरण म्हणजे काय, याची आमची समज त्या काळात तीनदा तरी बदलली, हे फायलींवरून दिसलं. तो प्रवास लिहून ठेवावासा वाटतो, कारण दोन विभागांचं एकच सादरीकरण करण्याची वेळ आज बहुतेक कचेऱ्यांमध्ये येते आणि बहुतेक ठिकाणी अजूनही ते आमच्या पहिल्या टप्प्यासारखंच केलं जातं.

पहिला टप्पा जोडकामाचा होता. एक फाइल उघडायची, Reuse Slides वापरून दुसरीतल्या स्लाइड तिच्यात आणायच्या, मग रंग, अक्षरं आणि लोगो सारखे करायचे. आधी सेल्स, नंतर डिस्पॅच. बाहेरून पीपीटी एकसंध दिसे. आत मात्र दोन ‘ठळक मुद्दे’, दोन ‘अडचणी’ आणि दोन ‘पुढील दिशा’ असत. वेळेवर पुरवठ्याचा आलेख बैठकीत पहिल्या अर्ध्या तासात येई आणि दुसऱ्या अर्ध्या तासात पुन्हा येई. ‘हे मघाशी झालं ना?’ असं कुणी म्हणालं की सादर करणारा चार स्लाइड भराभर पुढे ढकले, आणि त्या चारांत एखादी खरोखर नवी गोष्ट असली तर तीही निघून जाई.

त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या टप्प्यात सारख्या दिसणाऱ्या स्लाइड गाळायला सुरुवात झाली. दोन्हीकडे ‘वेळेवर पुरवठा’ असं शीर्षक असलं की चांगला आलेख ठेवायचा, दुसरा काढायचा. पीपीटी लहान झाली, सगळ्यांना बरं वाटलं. पण विषय एक असला म्हणजे सांगणं एक असतं असं नाही. गाळलेल्या स्लाइडमधला आकडा सेल्सचे लोक बैठकीत तोंडी काढत, पडद्यावरचा आकडा वेगळा असे, आणि उरलेली बैठक कुणाचा आकडा खरा या वादात जाई. माझ्या मते हा टप्पा पहिल्यापेक्षा वाईट होता. पहिल्यात पुनरुक्ती निदान डोळ्यांना दिसत होती; इथे मतभेदच पुसला जात होता.

कामाला खरं वळण मिळालं ते शीर्षकांमुळे. पॉवरपॉइंटमध्ये Outline View नावाची सोय आहे. तिच्यात चित्रं आणि आलेख बाजूला पडतात आणि स्लाइडवरचा मजकूर ओळीने दिसतो. दोन्ही पीपीटी त्यात उघडल्यावर दिसलं की निम्म्याहून अधिक शीर्षकं नुसती नामं आहेत : ‘विक्री आढावा’, ‘वाहतूक स्थिती’, ‘प्रमुख ग्राहक’. अशा शीर्षकांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. काही ठिकाणी तर शीर्षक रिकामंच दिसे, कारण ते ठरलेल्या चौकटीत न लिहिता वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये टंकलेलं असे आणि असा मजकूर या दृश्यात येत नाही. म्हणून या सोयीवर पूर्ण विसंबून चालत नाही. प्रत्येक स्लाइड एकदा डोळ्यांखालून घालावीच लागते. Compare ही सोयही इथे फारशी कामाची नाही. एकाच पीपीटीच्या दोन आवृत्त्यांमधला फरक दाखवण्यासाठी ती आहे, दोन विभागांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या पीपीटींसाठी नाही.

तेव्हापासून स्लाइडला हात लावण्याआधी एक तक्ता करायचा, अशी रीत पडली. प्रत्येक स्लाइडसाठी एक ओळ. त्या ओळीत स्लाइड काय सांगते याचं क्रियापदासह पूर्ण वाक्य, त्यामागचा पुरावा, आकडा असल्यास त्याचा काळ आणि तो कसा मोजला, आणि शेवटी तो कुणाकडून आला हे लिहायचं. वाक्य लिहिता येत नसेल तर ती स्लाइड काहीच सांगत नाही. तिच्यातली माहिती फार तर परिशिष्टात जाते. एका स्लाइडसाठी दोन वाक्यं लागली तर ती फोडायची. मग ओळींचा क्रम वाक्यांच्या अर्थाप्रमाणे लावायचा, म्हणजे एकाच गोष्टीबद्दल बोलणाऱ्या ओळी एकमेकींखाली येतात.

त्या एकमेकींखाली आल्या की पुनरुक्ती वाटणाऱ्या जोड्या सारख्या नसतात, हे उघड होतं. काही जोड्यांत सांगणं तेच आणि आकडाही तोच असतो. तिथे ज्याचा पुरावा भक्कम ती स्लाइड राहते, दुसरी जाते. काहींत विषय तोच पण सांगणं वेगळं असतं. तिथे दोन्ही राहतात, फक्त शीर्षकं स्पष्ट करावी लागतात. तिसऱ्या प्रकारात मोजायची गोष्ट एकच असते आणि आकडे जुळत नाहीत. अशा जोडीपाशी एकीकरण थांबवून चौकशी करायची.

या तिसऱ्या प्रकाराचं पावसाळ्यानंतरच्या एका तिमाहीतलं उदाहरण सविस्तर सांगते. कंपनीचे खरे आकडे देणं बरं नव्हे, म्हणून ४०० ऑर्डरी धरून त्याच धर्तीवर मांडते. डिस्पॅचची स्लाइड म्हणत होती, वेळेवर पुरवठा ९४ टक्के, म्हणजे ३७६ ऑर्डरी. सेल्सची म्हणत होती ८१ टक्के, म्हणजे ३२४. दोन्ही विभागांनी नोंदी एकाच संगणक प्रणालीतून काढल्या होत्या आणि दोघांचंही गणित बरोबर होतं. फरक मोजण्यात होता. डिस्पॅच शेवटची ठरलेली तारीख धरत होतं आणि गाडी कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली की ऑर्डर वेळेवर गेली असं मानत होतं. सेल्स ग्राहकाने मुळात मागितलेली तारीख धरत होतं आणि माल ग्राहकाच्या दारात पोचला तरच वेळेवर म्हणत होतं.

दोन्ही आकड्यांमध्ये ५२ ऑर्डरींचं अंतर होतं. त्या ५२ ऑर्डरी एकेक करून पाहिल्या. ३१ ऑर्डरींत कच्चा माल न आल्यामुळे तारीख मध्येच पुढे सरकवली होती, म्हणून नव्या तारखेच्या हिशोबाने त्या वेळेवर ठरत होत्या. उरलेल्या २१ ऑर्डरींच्या गाड्या फाटकातून वेळेवर निघाल्या आणि चेन्नईच्या वाटेवर रखडल्या. फाटकातूनच उशिरा निघालेल्या २४ ऑर्डरी दोन्ही हिशोबांत उशिराच होत्या. म्हणजे ग्राहकाच्या नजरेने ७६ ऑर्डरी उशिरा पोचल्या : कारखान्यात २४, नियोजनात ३१, रस्त्यावर २१. हे वाक्य दोन्हीपैकी एकाही पीपीटीत नव्हतं. दोन्ही स्लाइड शेजारी ठेवून वजाबाकी केल्यावरच ते मिळालं.

मग उपायांच्या ओळी त्याच विभागणीखाली लावल्या. सेल्सने चेन्नईजवळ गोदामात साठा ठेवण्याची मागणी केली होती. डिस्पॅचने आणखी एका वाहतूकदाराशी कराराची परवानगी मागितली होती. शब्द वेगळे, खर्चाची खाती वेगळी, त्यामुळे शीर्षकं पाहून कुणी यांना पुनरुक्ती म्हटलं नसतं. पण दोन्ही मागण्या त्याच २१ ऑर्डरींसाठी होत्या. आणि सर्वांत मोठ्या वाट्यासाठी, म्हणजे ३१ ऑर्डरींसाठी, कुणीच काही मागितलं नव्हतं. कच्च्या मालाचं नियोजन तिसऱ्याच विभागाकडे होतं आणि त्या विभागाची पीपीटीच नव्हती. सांगण्यातली पुनरुक्ती शोधताना मागण्यांमधली पुनरुक्ती सापडली आणि तिच्या शेजारची मोकळी जागाही.

रूपरेषा त्यानंतर सहज बसली. बार्बरा मिंटो यांनी मॅकिन्झीतल्या अनुभवातून मांडलेली पिरॅमिडची रचना आम्ही इथे वापरली : सगळ्यांत वर उत्तर, त्याखाली त्याला आधार देणारी मोजकी विधानं, त्याखाली पुरावा. वरचं वाक्य असं होतं : ‘ग्राहकाला ७६ ऑर्डरी उशिरा मिळाल्या आणि सर्वांत मोठं कारण तारखा पुढे सरकणं हे आहे.’ त्याखाली तीन भाग. या उशिराचा ग्राहकांवर काय परिणाम झाला, हा पहिला भाग सेल्सच्या पुराव्यावर. उशीर नेमका कुठे होतो, हा दुसरा मुख्यतः डिस्पॅचच्या नोंदींवर. कुणी काय करायचं, हा तिसरा दोघांचा, आणि त्यात नियोजन विभागासाठी एक नवी स्लाइड. ‘सेल्स’ आणि ‘डिस्पॅच’ हे विभाग पीपीटीतून नाहीसे झाले. विभागवार क्रम ठेवला असता तर तोच पुरवठा पुन्हा दोनदा सांगावा लागला असता, कारण ऑर्डर दोन्ही विभागांतून जाते.

रूपरेषा जमली की नाही हे पाहायला नुसती शीर्षकं वरपासून खालपर्यंत वाचायची. ती सलग गोष्ट सांगत असतील तर ठीक. एखादं शीर्षक काढूनही गोष्टीत खंड पडत नसेल तर ती स्लाइड परिशिष्टात जाते. दोन शीर्षकांची अदलाबदल करून काही बिघडत नसेल तर बहुधा ती दोन्ही एकच गोष्ट सांगत असतात.

याला माणसांची बाजूही आहे. आपली स्लाइड गेली हे कुणालाच आवडत नाही, आणि ती का गेली हे न कळलं तर बैठकीआधीच्या रात्री ती परत घातली जाते. म्हणून त्या तक्त्यातच शेवटचा रकाना वाढवला : मूळ स्लाइड कुठे गेली. राहिली, अमुक स्लाइडमध्ये मिसळली, परिशिष्टात गेली किंवा वगळली, आणि वगळली तर कारण. हा तक्ता रूपरेषेसोबतच दोन्ही विभागप्रमुखांना जाई, आणि स्लाइड बनवायला त्यांच्या होकारानंतरच सुरुवात होई. रूपरेषेवर वाद घालायला तासभर पुरतो. तयार पीपीटीवर तोच वाद दोन दिवस चालतो.

२०२० नंतर सगळे घरून एकाच सामायिक फाइलवर काम करू लागले तेव्हा हा प्रश्न आपोआप सुटेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. दुसऱ्याच्या स्लाइडला हात लावायला लोक संकोचतात, म्हणून तिच्याखाली आपली नवी स्लाइड घालतात. एकाच फाइलमध्ये दोन पीपीटी वाढू लागल्या. तक्ता आधी भरला जाई त्याच तिमाहीत हे टळे.

ही पद्धत सगळीकडे लावू नये. दोन पीपीटींचे श्रोतेच वेगळे असतील, एक बँकेसाठी आणि एक कारखान्यासाठी, तर त्यांची एक रूपरेषा करण्याचा हट्ट धरू नये; फक्त आकडे जुळतात एवढं पाहावं. आणि काही मोजमापं एक करता येत नाहीत, कारण दोन्हींचा उपयोग खरा असतो. फाटकातून वेळेवर किती गेलं हे डिस्पॅचला रोज लागतं. अशा वेळी दोन्ही आकडे एकाच स्लाइडवर ठेवावेत आणि प्रत्येकाखाली तो कसा मोजला ते लिहावं.

त्या कारखान्यात आता मुख्य आकडा ग्राहकाच्या तारखेचा धरतात, फाटकाचा त्याखाली लहान अक्षरात असतो, आणि पुढे सरकवलेल्या तारखांची स्लाइड दर तिमाहीला नियोजन विभाग देतो.